कारखाना बंद होताना : ले-ऑफ, कपात आणि क्लोजरची भरपाई कशी तपासावी

कारखाना बहुधा एका रात्रीत बंद होत नाही. आधी ऑर्डर कमी होतात आणि एखाद्या विभागाला ‘आज काम नाही, गेटवर सही करून जा’ असे सांगितले जाते. काही महिन्यांनी तीस-चाळीस जणांना एकदम कमी केले जाते, आणि शेवटी नोटीस बोर्डावर संपूर्ण कारखाना बंद करण्याची सूचना लागते. कायद्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या घटना आहेत. पहिली ले-ऑफ, म्हणजे नोकरी कायम ठेवून तात्पुरते काम न देणे. दुसरी कामगार कपात. आणि तिसरी क्लोजर, म्हणजे कारखाना कायमचा बंद करणे. प्रत्येक टप्प्यावर पैशाचा हिशेब वेगळा असतो, नोटिशीची मुदत वेगळी असते आणि कामगाराच्या हाती असलेला आक्षेपाचा मुद्दाही वेगळा असतो. ज्याला हा फरक कळत नाही, तो कपातीच्या वेळी सेवाज्येष्ठतेचा हक्काचा मुद्दा सोडून देतो आणि क्लोजरच्या वेळी तोच मुद्दा घेऊन भांडत बसतो, जिथे त्याचा फारसा उपयोग नसतो.

हा लेख खासगी मालकीच्या, बारमाही चालणाऱ्या कारखान्यातील परमनंट कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. खाणी, बांधकाम आणि हंगामी साखर कारखाने यांच्यासाठी काही तरतुदी वेगळ्या आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

आधी कायदा आणि कामगारांची संख्या पाहावी

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली असून तिने 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेतली आहे. त्यामुळे ज्या दिवशी तुम्हाला कमी केले किंवा कारखाना बंद झाला, ती तारीख आधी निश्चित करावी. त्याआधी घडलेल्या प्रकरणातील हक्क जुन्या कायद्याखाली तपासावे लागतात. भरपाईचा मूळ सांगाडा दोन्हींमध्ये जवळजवळ सारखाच आहे. मोठा फरक पडला तो सरकारच्या परवानगीच्या बाबतीत. जुन्या कायद्यात 100 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपात किंवा क्लोजर करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागत असे. संहितेत ही मर्यादा 300 वर नेली आहे. म्हणजेच दीडशे-दोनशे कामगारांचा एमआयडीसीतील मध्यम कारखाना आता परवानगीच्या कक्षेबाहेर गेला आहे, आणि कामगारांच्या बाजूने पाहिले तर संहितेतील सर्वांत जड बदल हाच आहे.

संख्येचे दोन उंबरठे लक्षात ठेवले की पुष्कळ गोंधळ कमी होतो. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील, तर ले-ऑफची भरपाई आणि क्लोजरची साठ दिवसांची सरकारी नोटीस या तरतुदी लागू होत नाहीत. तीनशे किंवा अधिक असतील, तर परवानगीचे प्रकरण लागू होते, आणि ही संख्या मागील बारा महिन्यांतील दररोजच्या सरासरीवर मोजतात. कपातीची व क्लोजरची भरपाई मात्र पन्नासच्या उंबरठ्यावर अवलंबून नाही. तीस जणांच्या वर्कशॉपमधील कामगारालाही ती मागता येते, आणि ‘आपला कारखाना लहान आहे, आपल्याला काही नियम नाहीत’ हे मालकाचे ठरलेले वाक्य तेवढ्यापुरते तरी खोटे असते.

दुसरी पायरी : सलग सेवेचा पुरावा

या तिन्ही भरपाया ‘एक वर्षाची सलग सेवा’ या अटीवर उभ्या आहेत. ज्याने मागील बारा महिन्यांत किमान 240 दिवस काम केले, त्याची एक वर्षाची सलग सेवा झाली असे धरले जाते. भूगर्भातील खाणीसाठी हा आकडा 190 आहे. 240 दिवस मोजताना केवळ मशीनवर उभे राहिलेले दिवस मोजायचे नसतात. ले-ऑफचे दिवस, पगारी रजा आणि कामावर झालेल्या अपघातामुळे गैरहजर राहिलेले दिवस त्यात धरले जातात, आणि पगारी साप्ताहिक सुट्या व सणांच्या सुट्याही धरल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दर सहा महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा घेतलेल्या कामगाराने तर ही मोजणी आवर्जून करावी. कारण रविवार धरले की 225 वर अडकलेला आकडा अनेकदा 240 च्या पुढे जातो.

कारखाना बंद पडल्यावर मस्टर मिळवणे अवघड होते. कार्यालयाला कुलूप लागण्याआधीच नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा उतारा, कामगार विमा कार्ड आणि ओळखपत्राच्या प्रती काढून ठेवाव्यात. भविष्य निर्वाह निधीच्या उताऱ्यात महिनावार वर्गणी दिसते, आणि मालकाने ‘हा आमच्याकडे 2019 पासूनच होता’ असे म्हटले, तर 2011 मधील पहिली वर्गणी त्याला परस्पर उत्तर देते.

‘सुपरवायझर’ हे पदनाम असलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. संहितेत देखरेखीचे काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. परंतु पाहायचे असते ते प्रत्यक्ष काम, पदनाम नव्हे. दिवसभर स्वतः मशीन चालवणाऱ्याला केवळ कार्डावर सुपरवायझर लिहिले म्हणून बाहेर ठेवता येत नाही.

ले-ऑफ : अर्धा पगार आणि रोजची हजेरी

ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या पन्नास टक्के भरपाई मिळते. साप्ताहिक सुटीचे दिवस त्यात मोजत नाहीत. बदली, म्हणजे दुसऱ्या कामगाराच्या जागी घेतलेल्या, किंवा कॅज्युअल कामगाराला ती मिळत नाही, मात्र एक वर्षाची सलग सेवा पूर्ण केलेला बदली कामगार या अर्थाने बदली राहत नाही. कामगाराने रोज ठरलेल्या वेळी एकदा कारखान्यात हजेरी लावली पाहिजे, आणि त्याच कारखान्यात किंवा आठ किलोमीटरच्या आत त्याच मालकाच्या दुसऱ्या युनिटमध्ये देऊ केलेले, त्याच पगाराचे आणि वेगळे कौशल्य न लागणारे काम नाकारले, तर हक्क जातो.

व्यवहारात पैसे बुडतात ते या हजेरीवरून. ‘उद्यापासून यायची गरज नाही, बोलावू तेव्हा या’ असे तोंडी सांगितले जाते, आणि नंतर मस्टरवर त्या दिवसांसमोर गैरहजेरी लागते. म्हणून तोंडी निरोपावर घरी बसू नये. हजेरीची नोंद होत आहे का ते पाहावे, आणि होत नसेल तर त्याच दिवशी चार-पाच जणांनी मिळून लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

बारा महिन्यांत ले-ऑफ 45 दिवसांपेक्षा जास्त झाला, तर मालकाला कामगाराला कमी करण्याचा मार्ग खुला होतो, आणि अशा कपातीत मागील बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफ भरपाई कपातीच्या भरपाईतून वळती करता येते. 45 दिवस ओलांडलेले नसताना अशी वजावट घेण्याला आधार नाही. पुढील उदाहरणात हाच मुद्दा येणार आहे.

कपात : सेवाज्येष्ठता खरी येथे कामाला येते

परवानगीच्या कक्षेबाहेरील कारखान्यात कपातीसाठी तीन गोष्टी लागतात: कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचे वेतन, भरपाई, आणि सरकारला सूचना. यांपैकी भरपाई ‘कपातीच्या वेळीच’ द्यावी लागते. कामावरून काढून ‘हिशेब पुढच्या महिन्यात घेऊन जा’ म्हटले, तर ती कपातच कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. म्हणून नोटिशीची तारीख, कमी केल्याची तारीख आणि खात्यात पैसे जमा झाल्याची तारीख या तीन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. वकिलाला किंवा युनियनला पहिल्या भेटीत याच लागतात.

कोणाला काढायचे, याचा नियम ‘शेवटी आलेला आधी जाईल’ असा आहे. तो संपूर्ण कारखान्यासाठी एकत्र लावत नाहीत, तर एकेका प्रवर्गात लावतात. प्रेस ऑपरेटरची तुलना प्रेस ऑपरेटरशीच होते. त्यामुळे 2010 मध्ये लागलेला हेल्पर जातो आणि 2018 मध्ये लागलेला टूलरूम फिटर राहतो, यात आपोआप काही बेकायदा नसते. बेकायदा ठरते ते असे की, त्याच प्रवर्गातील 2018 चा प्रेस ऑपरेटर ठेवून 2012 च्या ऑपरेटरला काढले आणि त्याचे कारण लेखी नोंदवले नाही. कारणे नोंदवून मालकाला हा क्रम मोडता येतो, पण कारण खरे आणि दाखवता येण्याजोगे असले पाहिजे. ‘कार्यक्षमता कमी’ एवढ्या दोन शब्दांवर, मागे एकही मेमो नसताना, क्रम मोडला असेल तर त्याला आव्हान द्यावे.

कपातीपूर्वी किमान सात दिवस प्रवर्गानुसार सेवाज्येष्ठता यादी नोटीस बोर्डावर लावायची, हा जुन्या नियमांखालचा शिरस्ता आहे. यादी लागली की तिचा फोटो काढावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात. आपली रुजू तारीख बरोबर आहे का. आपला प्रवर्ग तोच आहे का, जो आपण प्रत्यक्षात करतो. आणि कपातीच्या तोंडावर कोणाला एका प्रवर्गातून दुसऱ्यात हलवले आहे का. या तिसऱ्या गोष्टीकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. मर्जीतील कनिष्ठ कामगाराला महिनाभर आधी ‘सेटर’ करून वेगळ्या प्रवर्गात बसवले, की यादी कागदावर निर्दोष दिसते. हरकत असेल तर ती यादी लागल्यानंतर लगेच, लेखी आणि पोच घेऊन नोंदवावी.

कपात झाल्यावर एक वर्षाच्या आत मालक पुन्हा भरती करत असेल, तर कमी केलेल्या कामगारांना संधी आणि प्राधान्य द्यावे लागते. शिवाय पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे: प्रत्येक कपात केलेल्या कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या 15 दिवसांइतकी रक्कम भरायची आणि ती कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. ही रक्कम भरपाईखेरीज आहे, मात्र ती कपातीपुरतीच आहे, क्लोजरसाठी नाही.

क्लोजर : सगळेच जातात तेव्हा

सर्वांनाच जायचे असल्यामुळे येथे सेवाज्येष्ठतेचा प्रश्न उरत नाही. पन्नास ते तीनशेच्या दरम्यान कामगार असतील, तर मालकाने बंद करण्याच्या किमान 60 दिवस आधी कारणांसह सरकारला नोटीस द्यायची असते. तीनशे किंवा अधिक असतील, तर 90 दिवस आधी परवानगीचा अर्ज करायचा असतो. त्यावर सरकारने 60 दिवसांत उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. अशा अर्जाची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींनाही द्यावी लागते, त्यामुळे युनियनने हे 60 दिवस वाया घालवू नयेत. परवानगीच्या या तरतुदीला मुंबईतूनच मोठे आव्हान मिळाले होते: तयार कपड्यांच्या ‘एक्सेल वेअर’ या फर्मच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये तिचे मूळ रूप रद्द केले आणि ती नंतर नव्याने बांधावी लागली.

क्लोजरमध्ये कामगाराला कपात झाल्याप्रमाणेच एक महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन आणि भरपाई मिळते. फरक एवढाच, पण तो मोठा आहे: पैसे आधी दिले नाहीत म्हणून क्लोजर रद्द होत नाही. हातिसिंग मिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच हे ठरवले. त्यामुळे क्लोजरनंतर ‘पुन्हा कामावर घ्या’ या मागणीपेक्षा वसुलीची मागणी अधिक पक्क्या जमिनीवर उभी असते. अर्थात, कारखाना खरोखर बंद झाला आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. तीच मशिनरी, तोच माल आणि शेजारच्या प्लॉटवर नव्या नावाची पाटी असेल, तर विजेचे बिल, मालाच्या गाड्या आणि कंत्राटी कामगारांची ये-जा यांचे पुरावे गोळा करावेत, कारण मग क्लोजर या नावाखाली कपात लपवली आहे असा दावा करता येतो.

मालकाच्या ताब्याबाहेरील अटळ परिस्थितीमुळे कारखाना बंद झाला असेल, तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची कमाल मर्यादा येते, आणि दहा-पंधरा वर्षे सेवा असलेल्याचे त्यात मोठे नुकसान होते. मात्र आर्थिक अडचण, तोटा, न विकलेला साठा, लीज किंवा परवान्याची मुदत संपणे ही कारणे अटळ परिस्थितीत येत नाहीत, असे कायद्यातच लिहिले आहे. नोटिशीत ‘मंदीमुळे, अटळ परिस्थितीत’ असे शब्द दिसले तर हे आठवावे.

एका कामगाराचा हिशेब

समजा, नाशिकजवळच्या 120 कामगारांच्या एका प्रेस-पार्ट कारखान्यातील ऑपरेटर 1 जून 2011 रोजी रुजू झाला आणि 15 जानेवारी 2026 रोजी कारखाना बंद झाला. त्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये, घरभाडे भत्ता 3,000 आणि प्रवास भत्ता 1,500 आहे. संहितेच्या व्याख्येत घरभाडे व प्रवास भत्ता वेतनात येत नाहीत. पण असे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागते. येथे 22,500 पैकी 4,500 च वगळलेले आहेत, म्हणून वेतन 18,000 राहते.

सेवा 14 वर्षे साडेसात महिने झाली. सहा महिन्यांपेक्षा जास्त भाग पूर्ण वर्ष धरला जात असल्याने ती 15 वर्षे होते. प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे 9,000 रुपये; पंधरा वर्षांचे 1,35,000. येथे महिन्याचे अर्धे वेतनच धरावे लागते. 26 ने भागण्याची पद्धत ग्रॅच्युइटीची आहे, ती या भरपाईला लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले आहे. महिन्याची नोटीस दिली नसेल, तर तिचे 18,000 वेगळे.

ग्रॅच्युइटी ही भरपाईत मिसळायची नसते. ती 18,000 ला 26 ने भागून, 15 ने आणि पुन्हा 15 वर्षांनी गुणून 1,55,769 रुपये होते. तिन्हींची बेरीज 3,08,769. त्यात शिल्लक रजेचे पैसे, बोनस आणि शेवटच्या दिवसांचा पगार मिळवायचा. थकलेला पगार काम सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

आता समजा, ऑक्टोबरपासून या ऑपरेटरचा 26 दिवस ले-ऑफ झाला होता आणि त्याला 9,000 रुपये मिळाले होते. हिशेबाच्या कागदावर ‘ले-ऑफ वजा 9,000’ अशी ओळ असेल, तर ती मान्य करू नये, कारण 45 दिवस झालेलेच नाहीत. दुसरी चूक अधिक सूक्ष्म असते. सरासरी वेतन मागील तीन पूर्ण कॅलेंडर महिन्यांचे धरतात. त्या महिन्यांतच ले-ऑफ असल्यामुळे अर्धा पगार धरून सरासरी 15,000 काढली जाते आणि भरपाई एकदम 22,500 ने घटते. कामगाराने ते तीन महिने पूर्ण काम केलेले नसेल, तर प्रत्यक्ष काम केलेल्या काळाच्या वेतनावर सरासरी काढायची असते, हे व्याख्येतच आहे. कागदावर सरासरी 18,000 पेक्षा कमी दिसली की ती कुठल्या महिन्यांवरून आली, ते लेखी विचारावे.

सही करण्याआधी आणि पैसे न मिळाल्यास

क्लोजरच्या आसपास राजीनाम्याचा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा छापील फॉर्म पुढे केला जातो. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम कधी कधी खरोखर जास्त असते, आणि मग ती घेण्यात गैर काही नाही. मात्र स्वतःहून नोकरी सोडणे म्हणजे कपात नव्हे. राजीनाम्यावर सही झाली की भरपाईचा हक्क अडचणीत येतो, आणि कामगार विम्याखालील राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा बेकारी भत्ताही, कारण तो कारखाना बंद होऊन किंवा कपातीत नोकरी गेलेल्यांसाठी आहे. भविष्य निर्वाह निधीचा या भरपाईशी संबंध नाही. तो तसाही कामगाराचाच आहे. चेक घेताना ‘हरकतीसह स्वीकारले’ असे लिहून सही करावी आणि त्या कागदाचा फोटो ठेवावा.

पैसे मिळाले नाहीत किंवा कमी मिळाले, तर आधी मालकाला रकमेच्या तपशिलासह पत्र पाठवावे आणि नंतर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. नियमाप्रमाणे ठरलेली आणि वादातीत नसलेली रक्कम वसुली प्रमाणपत्राने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा. कपातच बेकायदा आहे असा वाद असेल, तर तो दोन वर्षांच्या आत तडजोड अधिकाऱ्यासमोर आणावा लागतो, आणि तेथे तोडगा निघाला नाही, तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जावे लागते.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल, तर मार्ग बदलतो. मग कामगार कार्यालयात खेटे घालण्याऐवजी नेमलेल्या अवसायकाकडे, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याकडे, मुदतीत दावा नोंदवावा. अवसायन सुरू होण्यापूर्वीच्या 24 महिन्यांचे कामगारांचे देणे तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरले जाते, आणि भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी निधीतील पैसे अवसायनाच्या मालमत्तेत मोजले जात नाहीत. अशा कारखान्यात युनियनने सर्वांचे दावे एकत्र, एकाच नमुन्यात आणि वरीलप्रमाणे वर्षावार आकडेमोड जोडून दाखल केले, तर अवसायकाला प्रत्येकाच्या रुजू तारखेवर शंका काढण्याची संधी कमी उरते.